पदर असेल तर विणा, नसेल तर पदर द्या

गेल्या डिसेंबरात मी ब्रिऑशच्या विणीचा एक मफलर विणत होते. अर्ध्याहून जास्त झाला होता. संध्याकाळी सूनबाई शेजारी बसली, मफलर मांडीवर ओढून तिने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, ही रेघ इथे अशी का दिसतेय?" तिचं बोट जिथे टेकलं होतं तिथे एका खांबातला एकच टाका बारीक, ओढल्यासारखा होता. उलटून पाहिलं तर त्याच्या पाठीमागे लोकरीची एक सैल आडवी दोरी लोंबत होती. चूक सुईपासून बरीच खाली होती. वर्षभरापूर्वी असं झालं असतं तर मी अख्खा मफलर उसवला असता. त्या संध्याकाळी फक्त तेवढा एक खांब खाली सोडला, पुन्हा वर आणला आणि जेवायच्या आत विणकाम पुढे सुरू केलं. मधल्या वर्षात जे उमगलं ते इथे लिहिते आहे.

१. एका टाक्याला एक पदर

ब्रिऑश हे मुळात एका फ्रेंच गोड पावाचं नाव. इंग्लंडमध्ये १८४३ साली छापलेल्या मिस लॅम्बर्ट यांच्या विणकामाच्या पुस्तकात बसायच्या एका गुबगुबीत उशीची कृती आहे, आणि त्या पावासारखा आकार म्हणून उशीला हे नाव दिलं आहे. उशीचं नाव पुढे विणीला चिकटलं. वीण दिसते आपल्या एक सुलट एक उलट बॉर्डरसारखी, पण तिचे खांब जाड आणि फुगीर असतात आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

हा फुगीरपणा येतो तो एका आड एक टाका न विणता नुसता उचलण्यातून. उचलताना लोकर पुढे आणायची, उलट टाक्याला घालतो तशी सुई घालून टाका उजव्या सुईवर घ्यायचा, आणि लोकर त्याच्या वरून मागे न्यायची. लोकरीचा हा वेढा टाक्यावर तिरका पडतो, खांद्यावरून पदर घेतल्यासारखा. मी त्याला पदरच म्हणते. पुढच्या सुईला तो टाका आणि त्याचा पदर दोन्ही एकत्र सुलट विणायचे. मोजताना टाका आणि पदर मिळून एकच. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. सुईवर चव्वेचाळीस दोरे दिसतात, टाके मात्र तीसच असतात.

माझा मफलर ३० टाक्यांचा होता: दोन्ही कडांना एकेक आणि मध्ये २८. पहिली तयारीची सुई अशी: कडेचा टाका लोकर पुढे ठेवून उचला; मग "एक टाका पदर देऊन उचला, एक सुलट विणा" असं चौदा वेळा; शेवटचा कडेचा टाका सुलट. त्यानंतरची प्रत्येक सुई एकसारखीच: कडेचा उचला, मग "एक टाका पदर देऊन उचला, पुढचा टाका पदरासकट सुलट विणा" चौदा वेळा, शेवटचा सुलट. मागची-पुढची बाजू असा भेद नाही.

टाके सैल घाला आणि सुई बारीक घ्या. वीण आपोआप रुंद आणि ढिली पडते, म्हणून ज्या लोकरीला मी एरवी ८ नंबरची सुई, म्हणजे ४ मिलिमीटरची, घेते तिला इथे १० नंबरची, सव्वातीन मिलिमीटरची, घेतली. लोकरही साध्या विणीपेक्षा बरीच जास्त लागते, तेव्हा एक गुंडा जादा आणून ठेवा. शिकण्यासाठी लोकर फिकट रंगाची, गुळगुळीत पिळाची हवी. केसाळ लोकरीत पदर दिसतच नाही.

२. तोंडाने मोजू नका, सुईकडे बघा

सुरुवातीला मी "उचल, विण, उचल, विण" असं पुटपुटत विणायचे. दारावरची बेल वाजली की साखळी तुटायची, आणि परत आल्यावर आता उचलायचा की विणायचा हे आठवायचं नाही. ते आठवण्याची गरजच नसते हे कळायला मला दोन महिने लागले. सुईच सांगते. डाव्या सुईवरच्या पुढच्या टाक्याला पदर असेल तर दोन्ही एकत्र विणा. पदर नसेल तर पदर देऊन उचला. कडांचे दोन टाके सोडले तर या विणीत तिसरं काही करायचंच नसतं.

याला जोडून एक खूण. विणकाम आपल्या बाजूने धरलं की पदरवाला टाका नेहमी सुलट खांबाच्या डोक्यावर असतो. त्याच्याखाली इंग्रजी व्हीसारख्या टाक्यांची वेणी उतरत गेलेली दिसते. बिनपदराचा टाका उलट खांबावर असतो आणि त्याच्या गळ्याशी आडवी गाठ असते, मण्यासारखी. म्हणजे दोन साक्षी मिळतात, एक पदराची आणि दुसरी खालच्या खांबाची. दोन्ही जुळल्या की बिनधास्त विणा. एखाद्या ठिकाणी वेणी दिसते आहे पण पदर नाही, किंवा गळ्यात गाठ आहे आणि तरी पदर आहे, असं झालं की थांबा. चूक मागच्याच सुईतली आहे आणि अजून हाताशी आहे.

३. दोन सुयांचा एक टाका दिसतो

एका खांबात प्रत्येक टाका एका सुईला उचलला जातो आणि दुसरीला विणला जातो. म्हणून वेणीत दहा टाके दिसले तर तुम्ही वीस सुया विणलेल्या असतात. लांबी मोजताना हे लक्षात ठेवाच, पण दुरुस्तीच्या वेळी हा हिशेब खरा उपयोगी पडतो. तो पुढे येईल.

४. सलग तीन टाके तपासा

मी आता प्रत्येक सुई संपली की विणकाम फिरवते आणि विणायला लागण्याआधी डाव्या सुईवरून नजर फिरवते: बिनपदर, पदर, बिनपदर, पदर. तीस टाक्यांना दहा सेकंद पुरतात. क्रम जिथे मोडतो तिथे बहुतेक वेळा तीन गोष्टींपैकी एक झालेली असते, आणि तिन्ही ओळखता येतात.

पहिली गोष्ट, सलग तीन टाके बिनपदराचे दिसतात आणि मधला वेणीच्या डोक्यावर आहे. त्याच्या मागे डोकावून बघा. तिथे सैल दोरी आडवी पडलेली असेल तर पदर द्यायचा राहिला आहे किंवा सुईवरून घसरला आहे. डाव्या सुईच्या टोकाने ती दोरी मागून उचला, टाक्यावर चढवा आणि दोन्ही एकत्र विणा. एवढंच.

दुसरी गोष्ट दिसायला अगदी तशीच, सलग तीन बिनपदराचे. पण मागे सैल दोरी नाही, आणि मधल्या टाक्याच्या गळ्यात गाठ आहे, जिथे खरं तर वेणी असायला हवी. याचा अर्थ मागच्या सुईला जो टाका उचलायचा होता तो तुम्ही चुकून विणलात. त्यावर उपाय असा की तो वरचा टाका सुईवरून सोडा आणि एकच घर उसवा. खालचा टाका मोकळा होईल आणि वरचा दोरा सैल लोंबेल. खालचा टाका सुईवर घ्या आणि तो सैल दोरा त्याच्यावर चढवा. तो दोराच त्याचा पदर झाला. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा विणीची रचना हातात आल्यासारखी वाटली. विणलेला टाका आणि पदर यांना लोकर जवळपास तेवढीच लागते, म्हणून एकाचं दुसरं करता येतं.

तिसरी गोष्ट, सलग तीन टाक्यांना पदर आहे आणि मधल्यावर तर दोन पदर आहेत, म्हणजे एका जागी तीन दोरे. इथे मागच्या सुईला जो टाका पदरासकट विणायचा होता त्याला तुम्ही आणखी एक पदर देऊन उचललंत. विणकाम फिरवून दुसऱ्या बाजूने बघा, तिथे हा टाका वेणीवर आहे. क्रोशाची सुई टाका आणि पहिला पदर या दोघांतून पुढून मागे घाला, दुसरा पदर तिच्या आकड्यात पकडा आणि दोघांमधून ओढून बाहेर काढा. निघालेला टाका सुईवर ठेवा.

पदर आणि टाका वेगवेगळे विणले गेले तर टाक्यांची संख्याच वाढते. ३० चे ३१ झाले की हेच शोधायचं. मागच्याच सुईतलं असेल तर तिथपर्यंत एकेक टाका उलगडत मागे या. उलगडताना विणलेल्या टाक्याच्या खालच्या घरात, म्हणजे टाका आणि पदर दोन्हीत, डाव्या सुईचं टोक घालूनच वरचा टाका सोडायचा. घाईत टोक फक्त टाक्यात गेलं तर पदर निसटतो आणि एका चुकीच्या दोन होतात.

५. खोलवरची चूक: खांब सोडायचा कसा

आता मफलरकडे येते. सूनबाईने दाखवलेला बारीक टाका सुईपासून मोजला तर वेणीतला बारावा निघाला. त्याला विणताना पदर सोबत घेतलाच गेला नव्हता, तोच मागे लोंबत होता. शेजारचे खांब ठीक होते. चूक एकाच खांबापुरती असेल तरच हा उपाय करावा.

कुठलाही खांब दुरुस्त करायचा तर विणकाम अशा बाजूने धरायचं की तो खांब वेणीचा दिसेल. गाठींच्या बाजूने कधी करू नका. फिरवलं की तोच खांब वेणीचा होतो, मग उगाच डोळ्यांना त्रास कशाला? मी विणकाम उशीवर पसरलं, खाली गडद रंगाचा टॉवेल घातला, खांबाच्या दोन्ही बाजूंचे टाके सुयांवर नीट मागे सरकवले आणि तेवढा एक टाका त्याच्या पदरासकट सुईवरून उतरवला. मग बोटाने हळूहळू खाली सोडत गेले. शेजारच्या खांबांना काही होत नाही, तुमचा खांब तेवढा शिडीसारखा उसवत जातो. बारावा टाकाही सोडला आणि त्याच्या खालचा चांगला टाका लगेच क्रोशाच्या सुईवर पकडला. क्रोशाची सुई विणायच्या सुईहून थोडी बारीक, ३ मिलिमीटरची घेतली होती.

इथे मागच्या हिशेबाचं काम पडतं. उसवलेल्या प्रत्येक टाक्यामागे शिडीला दोन पायऱ्या सुटतात. एक पदराची, दुसरी विणीच्या दोऱ्याची. बारा टाक्यांच्या चोवीस, आणि सुईवरून उतरवलेल्या टाक्याचा पदर ती पंचविसावी. मी वर चढण्याआधी पायऱ्या मोजते. संख्या विषम आली तर सगळ्यात वरची पायरी सुईवर पदर म्हणून ठेवायची आहे. सम आली तर टाका बिनपदराचा परत जाईल.

६. एकावेळी दोन पायऱ्या

साध्या सुलट विणीत टाका गळला तर आपण एकेक पायरी पकडून वर येतो. हाताला तीच सवय असते. वर्षभरापूर्वी एका नमुन्यावर पहिल्यांदा खांब सोडला तेव्हा मी तसंच केलं होतं. खांब वर तर आला, पण बाकीच्या वेण्यांत जिथे बारा टाके होते तिथे त्यात चोवीस बारके टाके झाले, घट्ट, मोज्याच्या विणीसारखे. खांबाचा फुगीरपणा गेला आणि शेजारचे दोन्ही खांब त्याच्याकडे ओढले गेले. मी तो दोनदा उसवला, दोनदा तसाच विणला आणि लोकरीलाच दोष देत बसले. चूक लोकरीत नव्हती. पदर हा टाका नसतो, त्याला आकड्याने ओढून टाका करायचाच नसतो.

बरोबर रीत अशी. क्रोशाची सुई टाक्यातून पुढून मागे जाते. मग तिचं टोक पहिल्या पायरीच्या खालून न्यायचं, म्हणजे ती पायरी टाक्याशेजारी क्रोशाच्या दांडीवर पडून राहते. हा झाला पदर. आता आकड्यात दुसरी पायरी पकडायची आणि ती पदर आणि टाका या दोघांमधून ओढून पुढे आणायची. एक टाका झाला. पुन्हा खालून एक, पकडून दुसरी. प्रत्येक फेरीत पायऱ्या दोन संपतात आणि टाका एक वाढतो.

आता पहिली पायरी पदराची की विणीची, हे कसं ओळखायचं? खालचा पकडलेला टाका नुकता विणलेला, बिनपदराचा असेल तर लगेच वरची पायरी पदराचीच. पण गडबडीत एखादी पायरी सोडली गेली तर पुढचा सगळा क्रम उलटा होतो, म्हणून दुसरी खूणही माहीत असावी. शिडीकडे बाजूने, तिरकं बघा. पायऱ्या एकाआड एक पुढे-मागे असतात. पदराची पायरी मागच्या अंगाला असते, कारण तिची दोन्ही टोकं शेजारच्या खांबांच्या मागच्या बाजूला विणलेल्या टाक्यांत गेलेली असतात. विणीची पायरी पुढच्या अंगाला असते, तिची टोकं शेजारच्यांचे पदर झालेली असतात. बोटाने शिडी थोडी ताणली की हे अंतर स्पष्ट दिसतं. मागची पायरी सुईवर ठेवायची, पुढची ओढायची.

दोन रंगांच्या ब्रिऑशमध्ये तर रंगच सांगतात. निळ्या खांबाचा पदर पांढरा आणि विणीचा दोरा निळा असतो, त्यामुळे पायऱ्या पांढरी-निळी-पांढरी-निळी अशा दिसतात. ज्यांना एकरंगी शिडी वाचणं अवघड जातं त्यांनी दोन रंगांचा छोटा नमुना विणून त्यातला एक खांब मुद्दाम सोडून बघावा. मला स्वतःला त्यानेच उलगडा झाला.

मफलरमध्ये बारा फेऱ्यांनंतर एक पायरी उरली. टाका डाव्या सुईवर चढवला, पायरी त्याच्यावर पदर म्हणून घातली. मग उलटून पाठ तपासली. कुठे सैल दोरी लोंबत नव्हती. वेणीतले टाके शेजारच्या त्याच बाजूच्या वेणीशी जोडीने मोजले, बारा होते. दुरुस्त केलेला खांब आधी जरा ओबडधोबड दिसतो. विणकाम दोन्ही हातांनी आडवं दोन-तीनदा ताणलं की लोकर आपापल्या जागी सरकते, आणि धुतल्यावर उरलंसुरलंही जातं.

७. जिथे खांब सोडून भागत नाही

एका टाक्यावर दोन टाके झाले आणि तसेच चार-पाच सुया विणले गेले तर तो एका खांबाचा प्रश्न राहत नाही. आजूबाजूच्या पदरांचा क्रमही सरकलेला असतो. सुई सुरू करतानाच एक टाका चुकवला आणि सगळ्या वेण्यांच्या जागी गाठी आल्या, तिथेही खांब सोडून उपयोग नाही. कडेच्या टाक्याचीही ही शिडी होत नाही, तिथली लोकर वळून पुढच्या सुईला गेलेली असते. अशा वेळी उसवणंच बरं.

मात्र ही वीण सुई काढून सरसकट उसवली की हातात काय येतं ते एकदा बघून ठेवावं. अर्धे टाके पदरासकट, अर्धे बिनपदर, आणि पदर सगळ्यात आधी घसरतात. म्हणून मी दर वीस सुयांनी, म्हणजे वेणीत दहा टाके झाले की, एक राखणीचा दोरा घालते. बोथट सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून न्यायचा, आणि जिथे पदर आहे तिथे टाका आणि पदर दोन्हीतून. दोऱ्याचा रंग लोकरीहून वेगळा घ्या. पदर सुटला तर दोरा घालूनही टाके अर्धवटच हाती लागतात, हे मी एका स्वेटरच्या बाहीवर अनुभवलं आहे. पुढे उसवायची वेळ आलीच तर दोऱ्यापर्यंत निर्धास्त ओढा, एक नंबर बारीक सुई दोऱ्याच्या वाटेनेच घाला, आणि पहिली नेहमीची सुई विणताना तेवढी बदला.

सूनबाई आता स्वतःचा मफलर विणते आहे, मातकट रंगाचा, २६ टाक्यांचा. परवा तिने विणकाम माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "इथे तीन बिनपदराचे आहेत, पण मागे दोरी नाहीये. गळ्यात गाठ आहे. म्हणजे सोडू ना एक घर?" मी मान हलवेपर्यंत तिने ते सोडलंही होतं.